रात्री तळपायांची आग: मधुमेहातलं नसांचं दुखणं आणि त्यावरची औषधं

दिवसभर पाय बरे असतात. रात्रीचं जेवण आटोपून अंथरुणावर पाठ टेकली की तळव्यांची आग सुरू होते. निखाऱ्यावर पाय ठेवल्यासारखं वाटतं, मधूनच विजेचा झटका बसावा तशी कळ जाते, चादरीचा स्पर्शही नकोसा होतो. हात लावून पाहिलं तर पाय गरम नसतात, कधीकधी तर गार असतात. घरातले लोक म्हणतात, अंगात उष्णता वाढली आहे. कुणी म्हणतं, नस दबली आहे. ज्यांना पाच-दहा वर्षांपासून मधुमेह, म्हणजे आपल्या बोलीत शुगर आहे, त्यांच्यात या त्रासाचं सर्वांत नेहमीचं कारण वेगळंच असतं. डॉक्टर त्याला डायबेटिक न्यूरोपॅथी म्हणतात.

या आजारावर उपयोगी पडणारी औषधं आहेत आणि त्यातली बरीचशी महागही नाहीत. तरीही अनेकजण वर्षानुवर्षं तळमळत राहतात. एक तर चुकीचं औषध घेतलं जातं, किंवा बरोबर औषध फार कमी मात्रेत आणि फार थोडे दिवस घेतलं जातं. म्हणून या लेखात आम्ही औषध कसं निवडतात, किती मात्रेने सुरू करतात आणि किती दिवस वाट पाहायची, यावर जास्त भर दिला आहे.

आग का होते आणि रात्रीच का?

बोलताना आपण ‘नस’ हा शब्द रक्तवाहिनीलाही वापरतो आणि मज्जातंतूलाही. इथे बिघाड मज्जातंतूंत असतो. शरीरातले सर्वांत लांब तंतू कमरेपासून पायाच्या बोटांपर्यंत जातात. वाढलेली साखर आणि तंतूंना रक्त पुरवणाऱ्या बारीक वाहिन्यांतला बिघाड, या दोन्हींचा मार आधी या लांब तंतूंना बसतो. म्हणून त्रास दोन्ही पायांच्या बोटांत सुरू होतो, मग तळव्यात येतो आणि मोजा चढवावा तसा हळूहळू वर सरकतो. बराच वर गेल्यावर हाताच्या बोटांतही मुंग्या येऊ लागतात.

दुखावलेला तंतू काही कारण नसताना आपोआप संदेश पाठवत राहतो. मेंदू त्याचा अर्थ ‘पाय भाजतोय’ असा लावतो. दिवसा चालणं, काम, बोलणं यांच्या गर्दीत हा संदेश मागे पडतो. रात्री सगळं शांत झालं की तोच ठळक जाणवतो. त्यात पांघरुणाची ऊब आणि घासणं यांची भर पडते.

इथे एक गोष्ट लक्षात ठेवायला हवी. ज्या पायाची आग होते, तोच पाय बधिरही असू शकतो. आतून जळतंय असं वाटतं, पण बाहेरून खिळा टोचला तर कळत नाही. काही वर्षांनी आग आपोआप कमी झाली तर लोकांना बरं झाल्यासारखं वाटतं. औषध नसताना आग ओसरली आणि बधिरपणा मात्र वाढला, तर ते बरं होणं नव्हे. तंतू आणखी निकामी झाल्याचं ते लक्षण असू शकतं. असा पाय जखमेच्या दृष्टीने जास्त धोक्यात असतो.

आधी कारण नीट पाहा

शुगर आहे म्हणून पायांची प्रत्येक आग शुगरमुळेच होते असं नाही. औषध सुरू करण्याआधी डॉक्टरांनी काही गोष्टी तपासायला हव्यात, आणि आपणही त्या विचाराव्यात.

पहिली गोष्ट व्हिटॅमिन बी-१२. शुगरची सर्वांत जास्त दिली जाणारी गोळी म्हणजे मेटफॉर्मिन. ती अनेक वर्षं घेतली की काहींच्या शरीरात बी-१२ कमी होतं, आणि बी-१२ कमी झाल्यानेही हुबेहूब असाच त्रास होतो. घरात मटण-मच्छी खाल्ली जाते म्हणून बी-१२ कमी होणारच नाही, असं समजू नये. मेटफॉर्मिनमुळे ते शोषलंच कमी जातं. साध्या रक्ततपासणीत हे कळतं आणि इंजेक्शनने किंवा गोळीने भरून निघतं. मेटफॉर्मिन मात्र मनाने बंद करायचं नाही.

दुसरी गोष्ट टीबीचं औषध. टीबीच्या उपचारातल्या आयसोनियाझिडमुळे शरीरातलं बी-६ कमी होतं आणि पायांची आग होते. म्हणून शुगर असलेल्या टीबी रुग्णाला सोबत पायरिडॉक्सिनची, म्हणजे बी-६ची गोळी देतात. ती मिळते आहे का, हे पाहावं. उलट बाजूही माहीत हवी. ‘नसांच्या ताकदीची’ म्हणून मिळणाऱ्या बी-६च्या जास्त मात्रेच्या गोळ्या महिनोन्‌महिने खाल्ल्या, तर त्यांनीच नसा बिघडतात.

थायरॉइड, मूत्रपिंडाचा आजार आणि दारू ही आणखी कारणं आहेत. त्रास एकाच पायात असेल, कमरेतून खाली कळ येत असेल, तर दोष मणक्यात असू शकतो. चालताना पोटरी भरून येते आणि थांबलं की बरं वाटतं, किंवा रात्री पाय पलंगाखाली लोंबकळता ठेवल्यावरच आराम पडतो, असं असेल तर पायाचा रक्तपुरवठा तपासायला हवा. तो आजार निराळा आणि त्याचा उपचारही निराळा.

साखरेबद्दलही एक बारकावा आहे. साखर आटोक्यात ठेवल्याने नसांचं पुढचं नुकसान मंदावतं, पण सुरू झालेली आग त्याने लगेच विझत नाही. खूप वाढलेली साखर एकदम खाली आणली, म्हणजे तीन महिन्यांची सरासरी दाखवणारं एचबीए१सी तेवढ्याच अवधीत दोन-तीन टक्क्यांपेक्षा जास्त उतरलं, तर काहींना उलट अचानक जोरदार आग सुरू होते. ती बहुधा काही महिन्यांत ओसरते. अशा वेळी घाबरून इन्सुलिन सोडू नये, डॉक्टरांना सांगावं.

साध्या वेदनाशामकांचा उपयोग नाही

मेडिकलवर ‘पाय दुखतात’ म्हटलं की डायक्लोफिनॅक किंवा आयबुप्रोफेनची गोळी हातात पडते. या गोळ्या सूज आणि मुका मार यांवर काम करतात. तंतू स्वतःच चुकीचा संदेश पाठवत असेल, तर त्या तिथे फारशा पोहोचत नाहीत. मधुमेह्याच्या मूत्रपिंडावर आधीच ताण असतो, तो मात्र या गोळ्यांनी वाढतो.

या दुखण्यावर जी औषधं चालतात ती मुळात नैराश्यासाठी किंवा फिट्ससाठी निघालेली आहेत. चिठ्ठीवरचं औषध इंटरनेटवर शोधून ‘डॉक्टरांनी मला वेड्याची गोळी दिली’ असं म्हणत बरेच जण ते बंद करतात. खरं तर ही औषधं पाठीचा कणा आणि मेंदू यांच्यातला वेदनेचा संदेश मंदावतात, आणि त्याच कामासाठी ती इथे दिलेली असतात.

तीन मुख्य औषधं

*अमिट्रिप्टिलिन* हे जुनं आणि स्वस्त औषध. १० मिलिग्रॅमने रात्री सुरू करतात आणि दर एक-दोन आठवड्यांनी थोडं थोडं वाढवत २५ ते ७५ मिलिग्रॅमपर्यंत नेतात. झोपेच्या तास-दोन तास आधी घेतलं तर सकाळची सुस्ती कमी राहते. याने झोप लागते, पण तोंड कोरडं पडतं, बद्धकोष्ठता होते आणि एकदम उठताना चक्कर येते. नमाज पढणाऱ्यांनी सजद्यातून कयामसाठी उठताना सावकाश उठावं आणि सुरुवातीचे काही दिवस भिंतीजवळ उभं राहावं. हृदयाच्या ठोक्यांचा आजार, नुकताच आलेला हार्ट अटॅक, प्रोस्टेटमुळे अडणारी लघवी किंवा काचबिंदू असेल तर हे औषध बहुधा टाळतात.

*ड्युलोक्सेटिन* ३० मिलिग्रॅमने सुरू करून आठवड्याने ६० वर नेतात. बहुतेकांना ६० पुरतं. पहिला आठवडा मळमळ होते, म्हणून जेवणानंतर घ्यावं. ही मळमळ बहुधा आठ-दहा दिवसांत जाते. नेमकं याच काळात अनेकजण औषध सोडतात. रक्तदाब अधूनमधून मोजावा. यकृताचा आजार किंवा मूत्रपिंड फारच कमजोर असेल तर हे देत नाहीत.

*प्रीगाबालिन* आपल्याकडे सर्वांत जास्त लिहिलं जातं. ते ७५ मिलिग्रॅमने किंवा वयस्कर माणसाला त्याहून कमी मात्रेने रात्री सुरू करतात आणि गरजेप्रमाणे दिवसाला १५० ते ३०० मिलिग्रॅमपर्यंत, दोन वेळांत विभागून देतात. गुंगी, चक्कर, पायावर सूज आणि वजन वाढणं हे त्याचे त्रास. मूत्रपिंड कमजोर असेल तर मात्रा कमी करावीच लागते, म्हणून आधी क्रिएटिनिनची तपासणी हवी. हे औषध एकदम बंद करायचं नाही, आठवडाभरात टप्प्याटप्प्याने उतरवायचं. गॅबापेंटिन हे याच घराण्यातलं औषध, फक्त ते दिवसातून तीनदा घ्यावं लागतं.

यातलं सर्वांत चांगलं कोणतं? इंग्लंडमधल्या संशोधकांनी १३० रुग्णांवर केलेल्या ‘ऑप्शन-डीएम’ या चाचणीत याच प्रश्नाचं उत्तर शोधलं. २०२२ मध्ये ती ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाली. प्रत्येक रुग्णाने वेगवेगळ्या वेळी तिन्ही औषधांनी सुरुवात करून पाहिली. सहा आठवड्यांत एकाने पुरेसा आराम पडला नाही तर दुसरं जोडलं गेलं. तिन्ही मार्गांनी वेदना साधारण सारखीच कमी झाली, १० पैकी ६.६ वरून १६ आठवड्यांत ३.३ च्या आसपास. एका औषधाने भागलं नाही त्यांना दुसरं जोडल्याने आणखी आराम मिळाला.

म्हणजे पहिलं औषध कोणतं, हे रुग्णाचे बाकीचे आजार पाहून ठरतं. झोप अजिबात नसेल तर अमिट्रिप्टिलिन, प्रोस्टेट किंवा हृदयाचा त्रास असेल तर दुसरं. आणि औषध लागू पडलं की नाही, हे पुरेशा मात्रेवर किमान चार ते सहा आठवडे काढल्यावरच ठरवायचं. पाचव्या दिवशी ‘फरक नाही’ म्हणून डॉक्टर बदलला, तर नवा डॉक्टर बहुधा पुन्हा तळाच्या मात्रेपासूनच सुरुवात करतो.

अपेक्षाही योग्य हवी. वेदना शून्य होणं क्वचितच घडतं. आठवरून चारवर आली, रात्रीची झोप लागली, तर उपचार चांगला लागू पडला असं समजतात. यातली कोणतीही गोळी घेताना मन फार खचलं किंवा जगणं नकोसं वाटू लागलं, तर त्याच दिवशी डॉक्टरांना सांगावं.

एक उदाहरण, पायरीपायरीने

हे उदाहरण कुणा एका माणसाचं नाही. नेहमी दिसणाऱ्या गोष्टी एकत्र करून आम्ही ते मांडलं आहे. भिवंडीत यंत्रमागावर काम करणारे ५६ वर्षांचे एक चाचा. शुगर ११ वर्षांपासून, मेटफॉर्मिन दिवसाला २ ग्रॅम. चार महिन्यांपासून रात्री तळव्यांची आग होते, वेदना १० पैकी ८. मेडिकलवरून आणलेली डायक्लोफिनॅकची गोळी रोज एक, सोबत प्रीगाबालिन ७५ आणि मिथाइलकोबालामिन एकत्र असलेली कॅप्सूल ‘जेव्हा जास्त दुखेल तेव्हा’. रात्री तीन-चारदा लघवीला उठावं लागतं आणि धार अडते.

तपासणीत बी-१२ हे १६० निघालं. २०० च्या खाली ते कमी समजतात. क्रिएटिनिन १.५, म्हणजे मूत्रपिंड थोडं मंदावलेलं. एचबीए१सी ९.१. डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी डायक्लोफिनॅक बंद केली आणि बी-१२ची इंजेक्शनं सुरू केली. लघवी अडत असल्याने अमिट्रिप्टिलिन बाद झालं. मूत्रपिंड पाहता प्रीगाबालिनची मात्रा फार चढवता येणार नव्हती. म्हणून ड्युलोक्सेटिन ३० ने सुरुवात झाली आणि ती अधूनमधून घ्यायची कॅप्सूल थांबवली. ही औषधं डोकेदुखीच्या गोळीसारखी दुखेल तेव्हा घ्यायची नसतात, ती रोज घेतली तरच काम करतात.

पहिल्या आठवड्यात मळमळ झाली. नाश्त्यानंतर गोळी घेऊ लागल्यावर ती कमी झाली. दुसऱ्या आठवड्यापासून मात्रा ६०. रोज रात्री झोपताना चाचांच्या मुलीने वहीत एक आकडा लिहायचा, ‘अब्बा, आज दहापैकी किती?’ सहाव्या आठवड्याला आकडा ५ वर आला. फरक होता, पण झोप अजून मोडत होती. मग रात्री प्रीगाबालिन ७५ जोडलं, या वेळी रोज आणि ठरल्या वेळी. आणखी चार आठवड्यांनी आकडा ३. घोट्यांवर थोडी सूज दिसली म्हणून मात्रा वाढवली नाही. साखर हळूहळू खाली आणण्यासाठी शुगरच्या औषधांत वेगळा बदल केला. रात्री उठण्यामागे वाढलेली साखर किती आणि प्रोस्टेट किती, हे पाहायला त्यांना लघवीच्या डॉक्टरांकडेही पाठवलं.

यात आणखी एक सापळा होता. आपल्याकडे प्रीगाबालिन, नॉरट्रिप्टिलिन आणि बी-१२ यांच्या एकत्र गोळ्या वेगवेगळ्या नावांनी मिळतात. दोन डॉक्टरांच्या दोन चिठ्ठ्यांवर नावं निराळी असली, तरी आत औषध तेच असू शकतं. मग मात्रा दुप्पट होते आणि माणूस झोपाळतो, पडतो. घरातल्या सगळ्या पट्ट्या पिशवीत घालून डॉक्टरांसमोर ठेवणं हा यावरचा सोपा उपाय.

रोजाच्या दिवसांत

रमजानच्या महिना-दीड महिना आधी शुगरच्या औषधांबरोबर या गोळ्यांच्या वेळाही डॉक्टरांकडून ठरवून घ्याव्यात. ड्युलोक्सेटिन दिवसातून एकदाच असतं, ते इफ्तारच्या जेवणानंतर घेता येतं. प्रीगाबालिन दोन वेळा असेल तर इफ्तार आणि सेहरीला विभागता येतं, पण सेहरीच्या मात्रेने सकाळी गुंगी येत असेल तर गाडी चालवू नये. अमिट्रिप्टिलिनने तोंड कोरडं पडतं, ते रोजात जास्त जाणवतं. कोणतीही गोळी महिनाभरासाठी मनाने बंद करू नये.

लावायची औषधं आणि घरचे उपाय

मिरचीतल्या कॅप्सेसिनचं मलम (०.०७५ टक्के) दिवसातून तीन-चार वेळा लावतात. पहिले एक-दोन आठवडे त्यानेच आग वाढते, नंतर कमी होते. अधूनमधून लावलं तर फक्त आगच पदरी पडते, आराम मिळत नाही. हातमोजा घालून लावावं, नंतर साबणाने हात धुवावेत, डोळ्यांना हात लावू नये. भेगा किंवा जखम असेल तर लावूच नये.

आपल्या घरांत तळव्यांना मेहंदी लावतात किंवा तेल-तूप लावून काशाच्या वाटीने घासतात. साध्या मेहंदीने थोडा वेळ थंड वाटतं, त्याला हरकत नाही. झटपट रंगणारी ‘काळी मेहंदी’ मात्र टाळावी. तिच्यात केसांच्या रंगातलं रसायन असू शकतं, त्याने फोड येतात. काशाची वाटी हलक्या हाताने फिरवावी, आणि तेल बोटांच्या बेचक्यात राहू देऊ नये.

आग शमवायला पाच-दहा मिनिटं साध्या थंड पाण्यात पाय ठेवावेत. बर्फ नको, आणि गरम पाण्याचा शेक तर मुळीच नको. बधिर पायाला चटका कळत नाही आणि सकाळी फोड आलेला दिसतो. अंघोळीचं पाणी कोपराने तपासावं किंवा घरातल्या दुसऱ्याला हात घालायला सांगावं. पांघरुणाचा स्पर्श सोसत नसेल तर पायथ्याशी पुठ्ठ्याचं मोठं खोकं आडवं ठेवून चादर त्यावरून घ्यावी.

पाय किती बधिर आहे, घरीच पाहा

इंग्लंडमधल्या इप्सविचच्या रुग्णालयातून आलेली ही सोपी तपासणी आहे. रुग्णाने डोळे मिटायचे. दुसऱ्याने दोन्ही पायांचा अंगठा, मधलं बोट आणि करंगळी यांच्या टोकाला आपल्या बोटाने एक-दोन सेकंद हलकेच स्पर्श करायचा. दाबायचं नाही, चोळायचं नाही. स्पर्श कळला की रुग्णाने ‘हो’ म्हणायचं. सहापैकी दोन किंवा जास्त ठिकाणी कळलं नाही, तर पाय बधिर झाला आहे असं धरून डॉक्टरांना दाखवावं.

असा पाय रोज पाहावा लागतो. वुजूमुळे पाय दिवसातून अनेकदा धुतले जातात, म्हणून प्रत्येक वेळी बोटांची बेचकी कोरडी पुसावी, नाहीतर तिथे चिखल्या होतात. उन्हाळ्यात मशिदीच्या आवारातली फरशी तापलेली असते, दरवाजापर्यंत चप्पल काढू नये. हज आणि उमऱ्याला गेलेल्या मधुमेही यात्रेकरूंचे तळवे तापलेल्या जमिनीवर अनवाणी चालून भाजल्याची नोंद वैद्यकीय लिखाणात आहे. इहराममध्येही चप्पल चालते, ती पायात हवीच.

लगेच डॉक्टरांकडे कधी जावं

पायावर जखम किंवा फोड दिसला, बोट काळं-निळं पडलं, एकच पाय लाल, गरम आणि सुजलेला झाला, पाय एकाएकी लुळा पडू लागला किंवा लघवी-शौचावरचा ताबा गेला, तर सकाळची वाट पाहू नये. यातला लाल-सुजलेला पाय विशेष फसवा असतो. तो अनेकदा दुखत नाही, म्हणून ‘मुरगळला असेल’ म्हणत माणूस त्यावर चालत राहतो. प्रत्यक्षात आत संसर्ग असू शकतो किंवा हाडं खचत असू शकतात. अशा पायावर भार न देता थेट रुग्णालय गाठावं.